340 पानांचा थिसिस: पेपर किती आणि कुठून तोडायचे

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी मूळची फैजपूरची, पीएचडी ऑस्ट्रेलियातल्या एका युनिव्हर्सिटीत, विषय रावेर-यावलच्या केळी उत्पादकांची जोखीम. 240 कुटुंबांचा सर्व्हे आणि 48 मुलाखती आहेत. थिसिस नेहमीच्या पद्धतीने लिहून जवळपास झालाय, 340 पानं, 8 चॅप्टर. आता गाईड म्हणतात की थिसिस बाय पब्लिकेशन कर, म्हणजे सलग थिसिसऐवजी जर्नलचे पेपर एकत्र लावून. मग 8 चॅप्टरचे 8 पेपर करायचे का? एकाच सर्व्हेवर दोन-तीन पेपर काढले तर सलामी स्लायसिंग, म्हणजे एकाच कामाचे उगाच तुकडे पाडले, असं म्हणतील का? आणि प्रत्येक पेपरमधे तीच मेथड परत परत लिहायची का?

उत्तर:

आठ नाही, तीन निघतील. फार तर चार. आणि ते तीन तुमच्या चॅप्टरच्या रेषेवर तुटणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते कारण जवळपास सगळ्यांचा पहिला महिना तिथेच जातो, चॅप्टर 4 उचलायचा, वरखाली दोन पानं जोडायची आणि जर्नलला पाठवायचा, मग तो एडिटरच्या टेबलावरूनच परत येतो आणि माणूस समजतो की आपलं कामच कच्चं आहे. कामाचा दोष नसतो हो. चॅप्टर हा वाचकाने आधीची शंभर पानं वाचलीत असं धरून लिहिलेला असतो आणि पेपरचा वाचक थेट दारातून आत येतो, त्याला ना तुमचं रावेर माहीत ना तुमची 240 कुटुंबं.

तुम्ही फैजपूरच्या आहात म्हणून केळीचंच उदाहरण देते. एक्स्पोर्टचा माल भरताना घडाच्या फण्या वेगळ्या करतात ते पाहिलं असेलच. पाता कुठे लावतात? अगदी दांड्याला लागून. म्हणजे सगळी केळी ज्या जोडावर धरलेली असतात तो जोड फणीबरोबरच राहतो. जोडाच्या खाली काप गेला की केळी सुटतात आणि तो माल बॉक्समधे जात नाही. पेपरचंही असंच आहे, प्रत्येकाने आपला जोड सोबत घेऊन निघायचं, म्हणजे आपला प्रश्न, आपला प्रदेश, आपल्या व्याख्या, आपला डेटा कुठून आला ते. मागे उरलेला दांडा इथे फेकायचा नाही, त्यातूनच थिसिसची प्रस्तावना तयार होते, पण ते शेवटी बघू.

आता काम कसं करायचं. थिसिस उघडा आणि चॅप्टरची नावं विसरून फक्त तुम्हाला जे सापडलं ते शोधा. प्रत्येक सापडलेली गोष्ट एका चिठ्ठीवर, पूर्ण वाक्यात, आणि वाक्य असं पाहिजे की कोणीतरी उठून म्हणू शकेल "मला नाही पटत". "केळी उत्पादकांच्या कर्जाचे स्वरूप" हे वाक्यच नाही, शीर्षक आहे, त्याच्याशी कोण वाद घालणार. "ज्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली त्यालाच माल जातो आणि त्यामुळे शेतकऱ्याला जाहीर भावापेक्षा कमी मिळतं" हे वाक्य आहे. चिठ्ठीच्या खाली लिहा की हे कशावरून म्हणताय, कुठलं टेबल, किती कुटुंबं, कुठल्या मुलाखती. ज्या चिठ्ठीखाली काहीच लिहिता येत नाही ती बाजूला ठेवा, ते तुमचं मत आहे, चर्चेत वापरता येईल पण त्याचा पेपर होत नाही. थिसिस केवढाही मोठा असला तरी अशा चिठ्ठ्या पंधरा-वीसच्या वर सहसा जात नाहीत, माझ्याजवळ बसून ज्यांनी ज्यांनी हे केलं त्यांचा अनुभव तरी हाच आहे.

मग चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या एकत्र करा. मी तुमचा थिसिस वाचलेला नाही, पण विषयावरून समजा की तुमचा चॅप्टर 4 बाजारभावावर आहे, 5 हवामान आधारित फळपीक विम्यावर, 6 कर्ज आणि उचलीवर आणि 7 कापणी-भरणीच्या मजुरांवर. तर चिठ्ठ्या पसरल्यावर असं दिसण्याची शक्यता खूप आहे की 4 आणि 6 हे दोन चॅप्टर म्हणजे मुळात एकच पेपर. भाव कमी का मिळतो याचं कारण उचलीत आहे, उचलीचा परिणाम भावात दिसतो, एकाला दुसऱ्याशिवाय अर्थ नाही. त्यांचे दोन पेपर केले तर पहिला "भाव कमी मिळतो" एवढंच सांगून थांबेल आणि रिव्ह्यूअर विचारेल का, आणि ते "का" तुम्ही दुसऱ्या जर्नलमधे पाठवून बसलेल्या असाल. सलामी म्हणतात ती हीच.

उलट चॅप्टर 5 मधे दोन पेपर दडलेले असतील. एक म्हणजे विम्याचा ट्रिगर आणि बागेतलं नुकसान यांचा मेळ बसत नाही. या योजनेत भरपाई तुमच्या बागेत किती चरका बसला यावर ठरत नाही, महसूल मंडळासाठी जे हवामान केंद्र धरलंय तिथलं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या खाली सलग किती दिवस गेलं त्यावर ठरते. त्यामुळे केंद्रापासून लांब, तापीच्या काठच्या खोलगट शेतात निसवणीच्या वेळी घड अडकला तरी केंद्राचा आकडा ठीक असेल तर हातात काही येत नाही आणि कधी नुकसान नसलेल्यालाही पैसे मिळतात. हा आकड्यांचा पेपर आहे, सर्व्हे आणि केंद्राच्या नोंदी. दुसरा प्रश्न वेगळाच आहे: इतक्या वेळा असं होऊनही शेतकरी दरवर्षी विमा का काढतात? त्याचं उत्तर सर्व्हेत नाही, तुमच्या 48 मुलाखतींमधे आहे. प्रश्न वेगळा, पुरावा वेगळा, वाचकही वेगळे, पहिला विमा आणि कृषी अर्थशास्त्रवाले वाचतील आणि दुसरा ग्रामीण समाजशास्त्रवाले. हे दोन पेपर करण्यात काही गैर नाही. एकत्र ठेवले तरच वाईट होईल, कारण आठ-दहा हजार शब्दांच्या मर्यादेत दोन्ही अर्धवट राहतील.

म्हणजे दोन चॅप्टरचा एक पेपर आणि एका चॅप्टरचे दोन. चॅप्टरची रेषा कामाची नाही म्हणते ती यासाठी.

लिटरेचर रिव्ह्यूच्या चॅप्टरचा पेपर करण्याचा मोह टाळा. सगळ्यांना वाटतं की 60 पानं लिहिलीत तर वाया का घालवायची. पण थिसिसमधला रिव्ह्यू हा "मी वाचलंय" हे दाखवायला असतो, त्याला स्वतःचा प्रश्न नसतो. रिव्ह्यू पेपर तेव्हाच होतो जेव्हा तुम्ही ठरवून, कुठल्या डेटाबेसमधे कुठले शब्द टाकून शोधलं, किती सापडले, किती का वगळले याचा हिशेब ठेवून तो केलेला असतो, आणि तो हिशेब मागाहून रचता येत नाही. तुमच्याकडे नसेल तर सोडून द्या, त्यातली दोन-दोन पानं प्रत्येक पेपरला लागतील आणि बाकीची प्रस्तावनेत जातील. मेथडच्या चॅप्टरचंही तेच.

आता सलामीबद्दल जरा थांबून सांगते, कारण एकच सर्व्हे वापरला की सलामी झाली असं खूप जण समजतात आणि उगाच घाबरतात. एक सर्व्हे, दोन पेपर यात चूक काहीच नाही. चूक कधी, तर तोच प्रश्न, तीच माणसं, तीच पद्धत आणि फक्त निकालाचे तुकडे केलेत, म्हणजे लहान शेतकऱ्यांचा एक पेपर आणि मोठ्यांचा एक, किंवा रावेरचा एक आणि यावलचा एक, जेव्हा खरं म्हणणं त्या दोघांची तुलना केल्यावरच पूर्ण होतं. मी स्वतः एक साधी कसोटी लावते. दोन्ही पेपरचे निष्कर्ष एकाखाली एक लिहायचे आणि बघायचं की एक वाचलेल्या माणसाला दुसरा आपसूक कळतो का. कळत असेल तर एकच पेपर आहे. दुसरी चूक लपवण्याची. पेपरच्या मेथडमधे एक वाक्य स्पष्ट लिहा की हा सर्व्हे आणखी एका पेपरसाठी वापरलाय, त्यात अमुक प्रश्न आहे, आणि या पेपरमधलं विश्लेषण तिथे नाही. एडिटरच्या कव्हर लेटरमधेही तेच लिहा आणि दुसरा पेपर सोबत जोडून पाठवा. जे स्वतःहून सांगितलं त्यावर कोणी बोट ठेवत नाही, पण तेच रिव्ह्यूअरला स्वतः सापडलं तर मग त्याला प्रत्येक टेबलाचा संशय येतो. आणि तुमचं क्षेत्र लहान आहे, खान्देशातल्या केळीवर लिहिलेले दोन पेपर एकाच माणसाकडे रिव्ह्यूला जाणं अजिबात अशक्य नाही.

मेथड परत परत लिहायची का, तर हो, लिहायची. पण कॉपी-पेस्ट नाही आणि उगाच शब्द फिरवणंही नाही. जे खरंच तेच आहे, गावं कशी निवडली, सर्व्हे कधी झाला, परवानगी कोणाची घेतली, ते तिन्ही पेपरमधे जवळपास त्याच शब्दांत आलं तरी बहुतेक एडिटर समजून घेतात. स्वतःचाच मजकूर परत वापरणं कुठे चालतं यावर अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीतून चाललेल्या टेक्स्ट रिसायकलिंग रिसर्च प्रोजेक्टने बरंच काम केलंय आणि त्यातही मेथडचा भाग हा सगळ्यात कमी वादाचा धरलाय. पण जर्नलचा स्वतःचा नियम आधी बघा. प्रस्तावना, चर्चा, निष्कर्ष यात मात्र एकही परिच्छेद सारखा नको.

मेथडमधे खरं काम वेगळंच असतं, ते म्हणजे प्रत्येक पेपरला लागेल तेवढीच मेथड आणि तेवढी मात्र पूर्ण. एक जागा जवळून दाखवते. समजा चॅप्टर 5 मधे असं वाक्य आहे: "प्रकरण 3 मध्ये दिलेल्या निकषानुसार बाधित कुटुंबे निश्चित केली." थिसिसमधे हे चालतं. पेपरमधे हे वाक्य म्हणजे भिंतीत खिडकीएवढं भोक. आता तुम्ही म्हणाल की निकषाचं वाक्य तिथून उचलून इथे टाकते, पण तिथे दीड पान आहे, आणि त्यात वादळ, गारपीट, सीएमव्ही रोग सगळ्यांचे निकष आहेत जे या पेपरला नकोच आहेत. म्हणून या पेपरपुरतं नवीन लिहायचं: "डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत ज्या बागेत दर 100 झाडांमागे किमान 20 घड अर्धवट निसवले असं शेतकऱ्याने सांगितलं आणि भेटीच्या वेळी आम्हाला किमान दोन ओळींत तसं दिसलं, ती बाग बाधित धरली." आकडा तुमचा जो असेल तो. बघा, हे वाचून परक्या देशातल्या माणसालाही कळतं की तुम्ही काय मोजलं, आणि तो विचारूही शकतो की 20 च का. विचारू दे, ते विचारता आलं पाहिजे.

अशी वाक्यं शोधायला सोपं आहे, फाईलमधे "प्रकरण", "वर सांगितल्याप्रमाणे", "आधी पाहिलेले", "पुढे येणारे" हे शब्द किंवा इंग्रजीत लिहिलं असेल तर त्यांचे इंग्रजी भाऊबंद सर्च करा. प्रत्येक ठिकाणी एक लपलेला धागा आहे. पण सगळ्यात फसवे धागे सर्चमधे सापडत नाहीत, ते शब्दांत असतात. तुम्ही थिसिसमधे कुठेतरी पान 40 वर "उचल" म्हणजे नक्की काय ते सांगितलं आणि पुढची 300 पानं तो शब्द तसाच वापरला. पेपरमधे तो पहिल्यांदा येतो तिथेच अर्थ पाहिजे. यासाठी पेपर तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या शिकलेल्या माणसाला वाचायला द्या, गाईडला नाही, गाईडने थिसिस वाचलाय त्यामुळे त्यांना भोकं दिसत नाहीत, त्यांचं डोकं आपोआप भरून काढतं. माझा एक पेपर मी भुसावळच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मैत्रिणीला दिला होता, तिने पहिल्या चार पानांत अकरा ठिकाणी "म्हणजे काय?" लिहिलं, आणि त्यातल्या सात जागा खरंच थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरवर टेकलेल्या होत्या.

आता यापेक्षा अवघड गोष्ट, पेपरचं एकमेकांवर टेकणं. समजा विम्याच्या पेपरमधे तुम्ही नुकसानीचा एक निर्देशांक बनवलाय आणि उचलीच्या पेपरमधे तोच वापरायचाय, की ज्याचं जास्त नुकसान झालं त्याने जास्त उचल घेतली. विम्याचा पेपर अजून छापलाच नाही. मग लोक काय करतात, उचलीच्या पेपरमधे लिहितात "निर्देशांकासाठी आमचा दुसरा पेपर बघा, रिव्ह्यूमधे आहे". रिव्ह्यूअरला तो दिसत नाही. आणि विम्याच्या पेपरमधे उलट उचलीच्या पेपरचा हवाला दिलेला असतो. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी, खाली जमीन नाही.

माझा नियम एकच, पेपर पाठवण्याआधी स्वतःला विचारायचं की दुसरा पेपर उद्या रिजेक्ट झाला तर हा उभा राहतो का. राहत नसेल तर निर्देशांक कसा बनवला ते इथेच एका परिच्छेदात सांगा आणि सविस्तर सूत्र, भार, तपासणी हे सगळं सप्लिमेंटमधे द्या, ते शब्दमर्यादेत सहसा धरत नाहीत. किंवा विम्याचा पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून, रिव्ह्यू व्हायच्या आधीच ऑनलाइन टाका म्हणजे हवाला द्यायला काहीतरी दिसणारं असेल, फक्त ज्या जर्नलला तो पाठवणार त्यांना प्रीप्रिंट चालतं का आणि त्यांचा रिव्ह्यू नाव झाकून होतो का ते आधी बघा. आणि क्रम लावा. ज्याच्यावर बाकीचे टेकतात तो आधी पाठवायचा, तुमच्या बाबतीत म्हणजे विम्याच्या आकड्यांचा पेपर. बऱ्याच जणी सगळ्यात सोपा किंवा सगळ्यात आवडता आधी पाठवतात आणि मग मधला अडकतो. रिव्ह्यूला सहा महिने सहज जातात, दुरुस्ती होऊन परत तेवढेच, तोवर तुम्ही मुलाखतींच्या पेपरवर बसा, तो कोणावरच टेकलेला नाही.

आता आकड्यांचा हिशेब, आणि इथे मी स्वतः भाजलेय म्हणून जरा पोटतिडकीने सांगते. माझ्या पहिल्या पेपरमधे 212 कुटुंबं होती आणि तिसऱ्यामधे 209. दोन्ही बरोबर होते, तिसऱ्या पेपरला तीन कुटुंबांची एक माहिती अपुरी होती म्हणून ती गळली. पण मी ते कुठेच लिहिलं नाही, दोन पेपरमधे दोन वर्षांचं अंतर, मलाच आठवत नव्हतं. परीक्षकाने तिन्ही पेपर एका बैठकीत वाचले, तो जर्नलच्या वाचकासारखा एकेक वाचत नाही ना, आणि पहिलाच प्रश्न तो विचारला. मला उत्तर देता आलं नाही आणि त्या तीन कुटुंबांपायी सगळा डेटा परत तपासून द्यावा लागला, दोन महिने गेले. तर तुम्ही आजच एक तक्ता करा, थिसिसच्या प्रस्तावनेत जाणारा. सर्व्हे केलेली कुटुंबं 240, समजा अपुरे फॉर्म 7, उरले 233, त्यातले विमा काढलेले 162, त्यातही ज्यांची पॉलिसी तुम्ही डोळ्यांनी बघितली ते 148. कुठल्या पेपरमधे कुठला आकडा आणि का. प्रत्येक पेपरच्या मेथडमधेही त्यातला आपला भाग, "240 पैकी 148, कारण असं असं". तक्ता एकदा केला की पुढे कोणत्याही पेपरमधे नवीन आकडा आला तर आधी तक्त्यात टाकायचा, मग पेपरमधे.

शब्दांचाही असाच घोळ होतो. एक रिव्ह्यूअर म्हणतो "उचल" नको, "व्यापारी कर्ज" म्हणा, दुसरा म्हणतो "आगाऊ रक्कम" म्हणा, तुम्ही दोघांचं ऐकता कारण पेपर छापून यायला हवा, आणि थिसिसमधे एकाच गोष्टीला तीन नावं. छापून आलेल्या पेपरमधे आता बदल करता येत नाही, जसा आला तसाच थिसिसमधे लावावा लागतो. म्हणून प्रस्तावनेत सरळ एक परिच्छेद लिहायचा की या तीन शब्दांचा अर्थ एकच आहे आणि वेगळे का झाले. परीक्षक त्याने नाराज होत नाहीत, त्यांनी स्वतः असं शंभर वेळा केलेलं असतं.

ही प्रस्तावना म्हणजेच तो दांडा. स्वीडनमधे याला काप्पा म्हणतात, म्हणजे कोट, सगळ्या पेपरवर घातलेला. ऑस्ट्रेलियात प्रत्येक युनिव्हर्सिटीचं नाव वेगळं आणि नियम पण वेगळे, म्हणून तुमच्या युनिव्हर्सिटीचं नियमपुस्तक आज रात्रीच काढा आणि त्यात एवढंच बघा: किमान किती पेपर, छापलेलेच पाहिजेत की पाठवलेले पण चालतात, तुमचं नाव पहिलं पाहिजे का, आणि पीएचडीला नाव नोंदवण्याआधीचा पेपर धरतात का. पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरावर तुमचं वेळापत्रक बदलतं. इथे भारतातल्या वाचणाऱ्यांसाठी एक सांगते, आपल्याकडे पीएचडीच्या काळात पेपर छापणं आणि पेपर्सचाच थिसिस करणं या दोन गोष्टींची गल्लत होते. यूजीसीच्या 2016 च्या नियमात थिसिस जमा करण्याआधी एक पेपर आणि दोन ठिकाणी सादरीकरण सक्तीचं होतं, 2022 च्या नियमात ती सक्ती काढली, पण तेव्हाही थिसिस आपला सलग लिहिलेलाच असायचा. पेपर्सचा थिसिस चालतो का हे तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पीएचडी विभागाकडून लेखी घ्या, सीनियर म्हणाला म्हणून नको.

प्रस्तावना पेपरचा सारांश नसते. सारांश तर पेपरच्या पहिल्या पानावर आहेच. तिथे ते लिहायचं जे एकाही पेपरमधे बसलं नाही. तुमचा मोठा प्रश्न काय होता, त्याला हे तीनच तुकडे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिन्ही शेजारी ठेवल्यावर नवीन काय दिसतं. तुमच्या बाबतीत मला ते लांबूनही दिसतंय: विम्याचे पैसे वेळेवर आणि नेमके मिळत नाहीत म्हणून शेतकरी व्यापाऱ्याच्या उचलीवर जातो, आणि उचल घेतली की भाव हातातून जातो. म्हणजे विम्यातली चूक भावात जाऊन फुटते. हे कुठल्याच एका पेपरमधे सिद्ध होत नाही, तिन्हीतून मिळून उभं राहतं आणि तुमच्या पीएचडीचा जीव तोच आहे. पेपर एकमेकांच्या विरोधात जात असतील तर तेही इथेच बोलायचं. समजा आकडे म्हणतात की भरपाईचा मेळ बसत नाही आणि मुलाखतीत मोठे शेतकरी म्हणतात आमचं ठीक चाललंय, तर तो विरोध झाकू नका, तेवढीच पाच पानं परीक्षक सगळ्यात लक्ष देऊन वाचतो. लिहायची सगळ्यात शेवटी, पण चिठ्ठ्या आजपासून एका फाईलमधे टाकत राहा.

नावांचं आणि कॉपीराइटचं थोडक्यात. गाईड तिन्ही पेपरवर असतील तर कोणी काय केलं ते पेपर पाठवायच्या दिवशीच लिहून सह्या घ्या, थिसिस जमा करताना हा कागद मागतात आणि तोवर एखादा सहलेखक नोकरी बदलून गेलेला असतो. क्रेडिट नावाची 14 कामांची ठरलेली यादी आहे, आराखडा, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे, ती वापरली की वाद होत नाही. आणि जर्नलचा करार सही करण्याआधी वाचा की पेपर थिसिसमधे लावायला परवानगी आहे का आणि कुठल्या रूपात. रिव्ह्यूनंतर मान्य झालेली पण छपाईच्या मांडणीआधीची फाईल तुमच्याकडे जपून ठेवा, ऑनलाइन थिसिसमधे बऱ्याचदा तीच लावावी लागते.

राहिला चॅप्टर 7, मजुरांचा. कापणी करणाऱ्या टोळ्या, डोक्यावर घड वाहणाऱ्या बायका, त्यांच्या मजुरीवर तुम्ही लिहिलंय असं धरते. चिठ्ठ्या पसरल्यावर ह्या चिठ्ठ्या बाकी तीन पेपरच्या कोणत्याच ढिगात जाणार नाहीत बहुतेक, कारण तुमचा सर्व्हे बागमालक कुटुंबांचा आहे, मजुरांचं बोलणं तुम्हाला त्या 48 पैकी मोजक्याच मुलाखतींतून मिळालं असणार. ओढूनताणून त्याचा चौथा पेपर करू नका, एवढ्या पुराव्यावर जर्नल उभं करणार नाही. पण फेकूही नका. बऱ्याच युनिव्हर्सिटीत पेपर्सच्या मधे एखादा न छापलेला, साधा चॅप्टर लावायला परवानगी असते, नियमपुस्तक काढाल तेव्हा तेही बघा. असेल तर तो चॅप्टर जसा आहे तसा पेपर 2 आणि 3 च्या मधे ठेवा, वर अर्धं पान जोडा की हा छापायला का पाठवला नाही. नसेल तर तिथल्या मजूर बायकांच्या दोन-तीन मुलाखती परत जाऊन वाढवा. मार्च-एप्रिलमधे घरी येणार असाल तर सावद्याकडच्या टोळ्या तेव्हा कामावर असतील, दहा-बारा मुलाखती झाल्या की मग त्याचा पेपर होतो का ते परत बसून बघू.